ग्लिफ्लोझिनची गोळी सुरू झाली आहे? मग खाज आणि आजारपण या दोन गोष्टी आधीच समजून घ्या

माझं औषधांचं दुकान आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, तेव्हापासून ही गोळी स्वस्त झाली आणि माझ्या काउंटरवरून रोज जायला लागली. एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये तेच झालं. औषध चांगलं आहे. साखर उतरवतंच, शिवाय हृदय आणि किडनीलाही आधार देतं, म्हणून डॉक्टर ते मनापासून लिहितात. पण चिठ्ठी लिहिताना दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक सांगायला लाज वाटते आणि दुसरी सांगायला वेळ नसतो. त्या दोन्ही इथे लिहितो. ज्यांची गोळी गेल्या महिन्या-दोन महिन्यांत सुरू झाली आहे त्यांच्यासाठी हे आहे.

आधी स्ट्रिप उलटी करा

‘मी असली कुठली गोळी घेत नाही’ असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांच्या पिशवीत ती निघते. कारण ती एकटी येत नाही. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन किंवा लिनाग्लिप्टिनच्या जोडीने एकाच गोळीत भरलेली असते, आणि पुढे मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं. त्यामुळे स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन यांपैकी काहीही असलं, म्हणजे नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होत असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. चष्मा लावूनही वाचता आलं नाही तर जिथून घेतली त्या दुकानदाराला विचारा. ते त्याचं कामच आहे.

वाचून झालं की त्या स्ट्रिपवर मार्करने एक मोठी खूण करा. ती कशासाठी, ते पुढे येईल.

गोळी करते काय

आपली किडनी दिवसभरात रक्तातली जवळजवळ १८० ग्रॅम साखर गाळते आणि गाळलेली सगळी परत रक्तात ओढून घेते. एक थेंबही वाया जाऊ देत नाही. ही गोळी त्या ओढून घेण्याच्या दारालाच पाचर मारते. मग रोज ६०-७० ग्रॅमच्या आसपास साखर लघवीवाटे बाहेर जाते. किडनी चांगली असेल तर जास्त, अधू असेल तर कमी.

याचा पहिला परिणाम लॅबच्या रिपोर्टवर दिसतो. लघवीच्या तपासणीत साखरेपुढे चार अधिक चिन्हं येतात आणि घरात रडारड होते. या गोळीवर असताना ती यायचीच. गोळी काम करते आहे एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून मधुमेह वाढला की कमी झाला हे ठरवता येत नाही. त्यासाठी रक्ताचीच तपासणी लागते.

दुसरा परिणाम कपड्यांच्या आत होतो.

खाज, आणि तिच्याबद्दल न बोलण्याची सवय

गोड लघवीचा शेवटचा थेंब त्वचेवर राहतो. पुरुषांमध्ये तो पुढच्या कातडीखाली साचतो, बायकांमध्ये बाहेरच्या घड्यांमध्ये. तिथे ऊब आणि ओल असतेच, आता खाऊही मिळाला. कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्या अंगावर एरवीही असते, ती फोफावते. या गोळ्यांवर असं होण्याचा धोका तिपटी-चौपटीने वाढतो. बायकांना जास्त होतं, आणि आधी कधी असा त्रास झालेला असेल तर आणखी जास्त. बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच दिसतं.

बायकांमध्ये जागेवर खाज येते, आग होते आणि फाटलेल्या दुधासारखं पांढरं जातं. पुरुषांमध्ये टोकाला लाली येते, कातडीखाली पांढरा थर साचतो, कातडीला बारीक चिरा पडतात आणि ती मागे घेताना दुखतं. लघवी करताना जळजळ दोन प्रकारची असते. लघवी बाहेर पडून चिरांना लागली की बाहेर झोंबतं, ही बुरशी. आतून जळतं, सारखी घाई होते, ओटीपोटात दुखतं, थंडी वाजते, तर तो लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याचं औषध वेगळं आणि त्याला डॉक्टर लागतोच.

टाळायचं कसं, ते सोपं आहे. प्रत्येक वेळी लघवी झाली की साध्या पाण्याने धुवा आणि टिपून कोरडं करा. पुरुषांनी कातडी मागे घेऊन धुवावं आणि मग परत पुढे आणावी. मागेच राहिली तर सूज येऊन अडकते. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश यांतलं काही नको, त्याने त्वचा सोलवटते आणि बुरशीचं फावतं. सुती चड्डी वापरा. पावसाळ्यात आपल्याकडे आतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि माणसं ते ओलसरच चढवतात. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे बुरशीच्या मलमाचा खप का वाढतो, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. इस्त्री फिरवा, पण कोरडं घाला. खोकताना लघवी निसटते म्हणून पॅड वापरणाऱ्या आजींनी ते ओलं झालं की लगेच बदलायला हवं.

तरीही झालंच तर औषध साधं आहे. क्लोट्रिमॅझोलचं एक टक्क्याचं मलम, दिवसातून दोनदा, आठवडा ते दोन आठवडे. खाज तीन दिवसांत थांबते म्हणून मलमही तीन दिवसांत थांबवू नका. बायकांना आत ठेवायची गोळी लागते. कधी डॉक्टर फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात. इथे एक खाच आहे. तुम्ही साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड ही दुसरी गोळीही घेत असाल तर फ्लुकोनॅझोल तिचा असर वाढवतं आणि साखर खाली कोसळू शकते. तेव्हा फ्लुकोनॅझोल स्वतःहून मागू नका, आणि डॉक्टरांनी लिहिलं तर ग्लिमेपिराइड घेत असल्याचं त्यांना सांगा.

काउंटरवर सगळ्यात जास्त भांडण मात्र वेगळ्याच मलमावरून होतं. ‘ती खाजेची ट्यूब द्या, शेजाऱ्याला दोन दिवसांत गुण आला.’ ती असते बुरशी, जंतू आणि सूज या तिन्हींवरची मिसळ, आणि तिच्यात क्लोबेटासोलसारखं कडक स्टिरॉइड असतं. खाज लगेच थांबते खरी, पण बुरशी आत वाढत राहते आणि नाजूक जागेची कातडी पातळ होऊन कायमची बिघडते. मी देत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, तरी देत नाही.

एकदा खाज आली म्हणून ग्लिफ्लोझिन बंद करायची गरज नसते. वर्षात तीन-चार वेळा आली, किंवा पुरुषाची कातडी मागे जाईनाशी झाली, तर गोळी बदलायची का हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. पहिल्यांदाच असं होत असेल तर मलम लावण्याआधी एकदा दाखवलेलं बरं. लाज वाटत असेल तर ‘डापाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यापासून खाज आहे’ एवढं एकच वाक्य बोला. बाकीचं डॉक्टर विचारतात.

एक गोष्ट अगदी दुर्मीळ, पण सांगून ठेवतो. लघवीची जागा आणि शौचाची जागा यांच्या मधल्या भागात जोरात दुखू लागलं, सूज आणि लाली पसरली, सोबत ताप आला, तर ती बुरशी समजू नका. तिथे मांस सडवणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये यावर इशारा दिला, तेव्हा पाच वर्षांत त्यांच्याकडे अशा १२ केसेस नोंदल्या होत्या. आकडा लहान आहे, पण त्यात तासांचा हिशेब असतो. मलम न लावता थेट रुग्णालय गाठायचं.

आजारपणात गोळी बंद: एक उदाहरण

खाज त्रास देते, पण जीव सहसा घेत नाही. आता जे सांगतो ते क्वचित होतं. टाइप २ मधुमेहात वर्षाला हजारात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी लोकांना. पण होतं तेव्हा माणूस आयसीयूत जातो, आणि त्यातलं बरंचसं टाळण्यासारखं असतं.

दोन-तीन गिऱ्हाइकांच्या हकिकती मिळून एक केस सांगतो. काकू एकसष्ट वर्षांच्या. सकाळी डापाग्लिफ्लोझिन १० आणि सिटाग्लिप्टिन १०० ची जोडगोळी, शिवाय दोन वेळा मेटफॉर्मिन. सोमवारी साखरपुड्याला जेवल्या आणि रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. मंगळवारी सकाळी त्यांनी बिनसाखरेच्या चहासोबत गोळ्या घेतल्या, कारण ‘शुगरची गोळी चुकवायची नाही’ हे चौदा वर्षं ऐकलेलं. दिवसभर पोटात पाण्याशिवाय काही नाही. मुलाने साखर तपासली, १४२. सगळ्यांना हायसं वाटलं. बुधवारी जुलाब थांबले, पण उलट्या थांबेनात आणि पोटात कळा येऊ लागल्या. सकाळची गोळी पुन्हा गेली पोटात. साखर १७६. जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन झालं. संध्याकाळी काकूंना बोलताना धाप लागू लागली, जिना न चढताच. रुग्णालयात नेलं तेव्हा साखर १८८, रक्तातले कीटोन ५.४ आणि रक्ताचा पीएच ७.१६. तो एरवी ७.३५ च्या वर असतो. निदान कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होणं. तीन दिवस आयसीयू.

गोंधळ कुठे झाला ते बघा. शरीराला साखर वापरता येईना किंवा मिळेना की ते चरबी जाळतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं निघतात. त्यांना लगाम इन्सुलिनचा असतो. आजारपणात ताणाची संप्रेरकं चढतात आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. त्यात काकूंचं जेवण बंद. आणि गोळी मात्र लघवीवाटे साखर बाहेर टाकतेच आहे. रक्तातली साखर वाढत नाही, म्हणून अंगातलं इन्सुलिनही खालीच राहतं. लगाम सुटतो आणि कीटोन साठतात. साध्या मधुमेहात ही अवस्था आली की साखर चारशे-पाचशे दिसते आणि घरच्यांना कळतं. इथे साखर लघवीतून निघून गेलेली असते, म्हणून ग्लुकोमीटर १७६ दाखवून सगळ्यांना झोपवतो. या गोळीवर असताना आजारपणात ग्लुकोमीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही.

आणि उलटी, पोटदुखी, थकवा ही कीटोअ‍ॅसिडोसिसचीच लक्षणं आहेत. म्हणून ती पोट बिघडल्याच्या नावावर खपतात. काकूंच्या केसमध्ये जुलाब थांबल्यावरही उलट्या चालूच राहिल्या आणि श्वास जोरात चालू लागला, ही ओळखण्याची खूण होती. कुणाच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वासही येतो, पण तो प्रत्येकाला ओळखता येत नाही.

तीच रात्र, आता नीट

सोमवारी रात्री दुसरी उलटी झाली की ती खूण केलेली स्ट्रिप उचलून वेगळ्या ठिकाणी ठेवायची. डब्यात राहिली तर सकाळी सवयीने हात जातो. तिच्यासोबत मेटफॉर्मिनही थांबवायची, कारण पाणी कमी पडून किडनीवर ताण आला की तीही त्रास देते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर न जेवता घेतल्यास साखर पडते, म्हणून डॉक्टरांना फोन करून विचारायचं. रक्तदाबाच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्यांबद्दलही त्याच फोनमध्ये विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र ते स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही. जेवण कमी असलं तरी दिवसभर लागणाऱ्या इन्सुलिनचा मूळ डोस लागतो. तो किती, ते डॉक्टर सांगतील.

कुठल्या आजारात गोळी थांबवायची आणि कुठल्या नाही? उलट्या, जुलाब, खाणं-पिणं तुटेल असा ताप, डेंग्यू, न्यूमोनिया, किंवा कशानेही दोन वेळचं जेवण नीट जाईना, तर बंद. नाक वाहतंय पण भाकरी-भाजी रोजच्यासारखी चालली आहे, तर बंद करायची गरज नाही.

मग पोटात काय? इथे मधुमेही माणूस हमखास चुकतो. ‘ओआरएसमध्ये साखर असते’ म्हणून नुसतं पाणी पितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे सुमारे तीन चमचे. या वेळी ती साखर हवीच आहे, कारण पोटात थोडं पिष्ट गेलं की इन्सुलिन जागं होतं आणि कीटोन थांबतात. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं आहे तेवढ्यातच विरघळवा. उलटी होत असेल तर दर पाच-दहा मिनिटांनी दोन-तीन चमचे, घटाघट नको. जरा टिकू लागलं की मीठ घातलेली तांदळाची पेज किंवा मऊ भाताचं पाणी. ज्यांना हृदय किंवा किडनीमुळे पाणी मोजून सांगितलं आहे त्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

साखर दर चार तासांनी बघा, ती पडते आहे की चढते आहे एवढ्यासाठी. घरात रक्तातले कीटोन मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. ०.६ च्या खाली असेल तर ठीक. तिथून १.५ पर्यंत असेल तर पेज-ओआरएस चालू ठेवून दोन तासांनी पुन्हा मोजा. १.५ च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन, आणि ३ किंवा वर असेल तर गाडी काढा. बहुतेकांकडे हे यंत्र नसतं, पट्ट्या महाग पडतात. लघवीत बुडवायच्या कीटोनच्या पट्ट्या स्वस्त असतात. डबीवर लिहिलेले सेकंद मोजायचे आणि रंग जुळवायचा. जितका जांभळा तितके कीटोन जास्त. पण ही पट्टी या आजारात वाढणारा मुख्य कीटोन पकडतच नाही. त्यामुळे पट्टी जांभळी झाली तर विश्वास ठेवा. नाही झाली आणि माणूस बरा दिसत नाही, तर माणसाकडे बघा.

काहीही प्यायलं की उलटून पडतंय असं पाच-सहा तास चाललं, पोटात सतत दुखतंय, श्वास जोरात चाललाय, किंवा माणूस गुंगीत आहे, तर कीटोन मोजत बसू नका. रुग्णालयात जा आणि जाताना ती स्ट्रिप खिशात घाला. तिथे पोचल्यावर हे बोला: ‘पेशंट डापाग्लिफ्लोझिन घेतात. शेवटची गोळी अमुक दिवशी सकाळी घेतली. साखर कमी दिसली तरी रक्तातले कीटोन आणि रक्तातलं आम्ल तपासा.’ रात्रपाळीच्या दमलेल्या डॉक्टरला १८८ साखर पाहून कीटोअ‍ॅसिडोसिस सुचेलच असं नाही. तुमच्या वाक्याने सुचेल. उपचारात इन्सुलिनसोबत ग्लुकोजची बाटलीही लावतात. ‘शुगरच्या पेशंटला ग्लुकोज?’ म्हणून तिथे वाद घालू नका. कीटोन उतरवायला इन्सुलिन लागतं, आणि ते देताना साखर कोसळू नये म्हणून ग्लुकोज.

गोळी बंद केली म्हणजे त्याच तासाला धोका गेला, असंही नाही. तिचा असर दोन-तीन दिवस, कधी जास्तही रेंगाळतो. म्हणूनच ठरलेल्या मोठ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधीपासून ही गोळी थांबवतात. दुर्बिणीने मोठं आतडं तपासायच्या आधी जुलाबाचं औषध देऊन उपाशी ठेवतात, तिथेही आधी विचारा.

उपास

साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस खाऊन होणारी एकादशी या हिशेबात उपास नव्हेच. पिष्ट भरपूर जातं. त्याने साखर चढेल, कीटोन नव्हे. काळजी आहे ती हरतालिकेसारख्या निर्जळी उपासाची, नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहण्याची आणि रमजानच्या कडक उन्हाळ्यातल्या रोज्यांची. वजन उतरवायला भात-पोळी पूर्ण तोडून नुसतं पनीर-अंडी खाणारेही त्याच वाटेवर असतात. असं काही करायचं असेल तर आधी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बारीक अंगाचे, बरीच वर्षं मधुमेह असलेले, इन्सुलिनवर असलेले आणि नुकताच डोस कमी केलेले, तसंच एका बैठकीत खूप दारू पिणारे यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो. टाइप १ मधुमेह असेल तर ही गोळी मुळातच तुमची नाही.

परत कधी सुरू करायची

दोन वेळचं जेवण आणि पाणी नेहमीसारखं सुरू होऊन चोवीस ते अठ्ठेचाळीस तास झाले, उलटी नाही, तर गोळी पुन्हा नेहमीच्या डोसने. मधल्या दिवसांत साखर थोडी वर जाईल. ती खूपच वर, म्हणजे २५०-३०० च्या पुढे राहू लागली तर फोन करा. कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन गेला असेल तर मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय ती स्ट्रिप उघडायची नाही. बहुतेक वेळा अशा माणसाला ही गोळी पुन्हा देतच नाहीत.

उलटी चूकही मी बघतो. डेंग्यूत बंद केलेली गोळी दिवाळीपर्यंत बंदच राहते, कारण ‘पुन्हा चालू करा’ असं कुणी सांगितलंच नाही. मधुमेहाचं एक वेळ निभावतं, पण ज्यांना ही गोळी हृदय कमजोर आहे म्हणून दिली आहे त्यांचे पाय सुजायला लागतात आणि आडवं झालं की दम लागतो. त्यांनी आजारपणात गोळी थांबवली त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना कळवावं. म्हणून आता मी स्ट्रिप देताना मागे पेनने दोन ओळी लिहून देतो: ‘उलटी, जुलाब, जेवण बंद – ही गोळी बंद. जेवण सुरू झाल्यावर दोन दिवसांनी – ही गोळी चालू.’